दोन माइक आणि एक डीएसओ: ध्वनीचा वेग मोजताना एका अंतरावर थांबू नका

पुस्तकात ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रति सेकंद असा दिलेला असतो. तो २० अंश सेल्सिअसच्या हवेचा आहे, आणि विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजात प्रॅक्टिकलच्या वेळी हवा २० अंशांवर असणे हा योगायोगच. डिसेंबरच्या सकाळी १२ अंशांना कोरड्या हवेतला वेग ३३८.५ भरतो, तर एप्रिलच्या दुपारी ४४ अंशांना ३५७. म्हणजे तीच खोली, तेच उपकरण आणि उत्तरात साडेअठरा मीटरचा फरक. एप्रिलच्या जर्नलात कुणाचे उत्तर ३४३.२ आले असेल, तर रीडिंग घेतलेली नाहीत, लिहिलेली आहेत एवढे नक्की समजावे.

या प्रयोगात खरे काम वेग काढण्याचे नाही. अंतर भागिले वेळ कुणीही करतो. उत्तराच्या पुढे ± लावून जो आकडा लिहायचा, तो कुठून आला हे सांगता येणे, यात कस लागतो. त्यासाठी पद्धत अशी: पहिला माइक जागेवर ठेवायचा, दुसरा सहा वेगवेगळ्या अंतरांवर न्यायचा, आवाज दोघांना पोचण्यातला वेळ डीएसओवर, म्हणजे डिजिटल स्टोरेज ऑसिलोस्कोपवर, वाचायचा, आणि वेळ-अंतर आलेखाच्या चढावरून वेग काढायचा. एका अंतराचे एकच उत्तर का चालत नाही, ते पुढे आकड्यांतच दिसेल.

माइक आणि जोडणी

जुन्या सेलफोनमध्ये किंवा टेपरेकॉर्डरमध्ये असते तसली कंडेन्सर माइकची छोटी डबी पुरते. एकाच प्रकारच्या दोन घ्याव्यात. डबीच्या मागे दोन टोके असतात. त्यातले एक धातूच्या कवचाला जोडलेले दिसते, ते ऋण. दुसऱ्या टोकाला ९ व्होल्टच्या बॅटरीतून ४.७ किलोओहमच्या रोधामार्फत पुरवठा द्यायचा, आणि त्याच सांध्यावरून १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून सिग्नल डीएसओकडे न्यायचा. बॅटरीचे ऋण, माइकचे कवच आणि प्रोबची ग्राउंड क्लिप एकत्र. प्रोबवरचे बटण 1X वर असू द्या, आणि डीएसओच्या चॅनेल मेन्यूतही तेच निवडा. सिग्नल मिलिव्होल्टमध्ये असतो, 10X वर तो दहा पटींनी आणखी बारीक होतो.

दोन्ही माइकना वेगवेगळी बॅटरी द्यावी. एकाच बॅटरीवर दोन्ही चालवले तर पहिल्या माइकचा धक्का तारेतून दुसऱ्या चॅनेलवर उमटू शकतो. पहिल्या चॅनेलवर सिग्नल उठतो नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्यावर बारीक टोचा दिसला, तर तो ध्वनी नव्हे. दोन मीटर जायला ध्वनीला पावणेसहा मिलिसेकंद लागतात, तारेतून जायला काहीच नाही.

बॅटरी वापरण्याचे दुसरे कारण म्हणजे लाइन. अर्थिंग धड नसलेल्या खोलीत अॅडॉप्टर लावला की ५० हर्ट्झची गुणगुण सिग्नलवर चढते. तिचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे ७ मिलिसेकंदांच्या पडद्यावर ती लाट म्हणून ओळखूच येत नाही. पायाची रेघ तेवढी तिरकी दिसते, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या उताराची. असे झाले तर तारा लहान करा, आवरण असलेली केबल वापरा. लोडशेडिंगमध्ये खोली इन्व्हर्टरवर चालत असेल तर रीडिंगच घेऊ नका. स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लाट भयंकर काटे उठवते.

मांडणी: इथेच निम्मी चूक होते

आवाजासाठी टाळी नको. हाताची टाळी दरवेळी वेगळी उठते आणि ती नेमकी कुठल्या जागी वाजली हेही ठरत नाही. सुताराकडे सागवानाचे तुकडे पडलेले असतात. तळहातात मावतील असे दोन ठोकळे घेऊन एकमेकांवर आपटा. त्यांचा आवाज झटकन उठतो.

ठोकळे, पहिला माइक आणि दुसरा माइक एका सरळ रेषेत आणि एकाच उंचीवर हवेत. ठोकळे पहिल्या माइकच्या मागे किमान ५० सेंटीमीटर. फार जवळ आणले तर काय होते? ठोकळे रेषेपासून ५ सेंटीमीटर बाजूला सरकले आणि माइकपासून फक्त १० सेंटीमीटरवर असले, तर दोन मीटर अंतरात ११ मिलिमीटरची चूक शिरते. तेच ठोकळे ५० सेंटीमीटरवर असले तर ती चूक २ मिलिमीटरवर येते. टेबलाच्या दोन टोकांना दोरी ताणून बांधली की रेष राखणे सोपे जाते.

माइक स्टँडला लावताना उंचीची काळजी घ्या. ठोकळ्यांचा आवाज माइककडे सरळ जातो, तसाच टेबलावर आपटूनही जातो. आपटून आलेला आवाज थोडा उशिरा पोचतो, पण किती उशिरा हे उंचीवर अवलंबून आहे. आवाज आणि माइक यांच्यात अडीच मीटर अंतर आणि टेबलापासून उंची ३० सेंटीमीटर असेल, तर तो २०० मायक्रोसेकंद मागे येतो. तोवर सरळ आलेल्या आवाजाचे पहिले शिखर होऊन गेलेले असते. उंची १५ सेंटीमीटर ठेवली तर हा फरक ५० मायक्रोसेकंदांवर येतो आणि प्रतिध्वनी पहिल्या शिखरातच मिसळतो. शिवाय दुसरा माइक जसा दूर न्याल तसा हा फरक आणखी कमी होतो. म्हणजे ही चूक सगळ्या रीडिंगला सारखी नसते, ती अंतराबरोबर वाढत जाते आणि आलेख वाकवते. टेबलापेक्षा दोन उंच स्टुलांवर स्टँड ठेवून मधली जागा मोकळी सोडणे उत्तम.

एक आणखी वाट आहे, ती लाकडातून. ठोकळे टेबलावर टेकवून आपटले, तर कंप लाकडातून हवेच्या कित्येक पट वेगाने जातो आणि ध्वनीच्या आधीच दुसऱ्या माइकला पोचतो. पडद्यावर खऱ्या उठावाच्या आधी बारीक थरथर दिसते. खात्री करायची तर दुसऱ्या माइकच्या पुढे घडी घातलेली गोधडी धरा. मोठा सिग्नल दबला आणि आधीची थरथर तशीच राहिली, तर ती टेबलातून येते आहे. ठोकळे हातात अधांतरी धरून आपटा आणि स्टँडच्या पायाखाली फोमचा तुकडा ठेवा.

शेवटी पंखे. छताचा पंखा, कूलर, उघडी खिडकी, सगळे बंद. वारा रेषेच्या दिशेने सेकंदाला एक मीटर वाहत असेल तर तो एक मीटर सरळ उत्तरात जमा होतो किंवा वजा होतो. टिनाच्या शेडमध्ये मे महिन्यात पंखा बंद ठेवणे जिवावर येते हे खरे. तेव्हा सकाळच्या बॅचला प्रयोग लावावा, किंवा निम्मी रीडिंग ठोकळे उलट्या टोकाला नेऊन घ्यावीत. सरासरीत वाऱ्याचा परिणाम बहुतांशी कटतो.

डीएसओवर

ट्रिगर पहिल्या चॅनेलवर, मोड सिंगल. लेव्हल गोंगाटाच्या थोडी वर ठेवा, म्हणजे कुणी खुर्ची ओढली म्हणून ट्रिगर सुटणार नाही. वेळेची पट्टी प्रत्येक घराला ५०० मायक्रोसेकंद. ट्रिगरची खूण पडद्याच्या डाव्या बाजूला, साधारण एक घर आत सरकवा. तशी ती मध्यभागी असते, आणि मग दोन मीटरचा सिग्नल उजवीकडून पडद्याबाहेर जातो. ठोकळे आपटले की चित्र गोठते.

आता बहुतेक जण इथेच कर्सर लावतात आणि फसतात. या पट्टीवर कर्सरची एक पायरी दहा-वीस मायक्रोसेकंदांची असते. चित्र गोठल्यावर झूम करा, म्हणजे एक घर २० मायक्रोसेकंदांचे होईल. मग आधी पहिल्या उठावावर एक कर्सर आणि नंतर सरकवून दुसऱ्या उठावावर दुसरा कर्सर लावा. साठवलेले बिंदू बारीक असतात, पडदा जाड असतो.

दोन्ही सिग्नल एकाच दिशेने उठायला हवेत. एक वर आणि दुसरा खाली उठत असेल, तर दोन्ही माइकची जोडणी आणि चॅनेल मेन्यूतला इन्व्हर्टचा पर्याय तपासा.

कर्सर नेमका कुठे

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. सोपा वाटणारा मार्ग म्हणजे दोन्ही सिग्नल ठरावीक व्होल्टेज ओलांडतात तो क्षण, समजा १० मिलिव्होल्ट. पण दूर गेलेला आवाज क्षीण होतो. जवळच्या माइकला १० मिलिव्होल्ट म्हणजे पहिल्या शिखराचा पाचवा भाग, तर दूरच्याला तेच शिखराच्या अर्ध्याहून वर. त्यामुळे दूरचा क्षण हटकून उशिरा मोजला जातो. शिखर चढायला ५० मायक्रोसेकंद लागत असतील तर हा उशीर सहज २० मायक्रोसेकंदांचा होतो, आणि वेगाच्या उत्तरात एक मीटरहून जास्त घट. जितके अंतर जास्त तितका उशीर जास्त, म्हणून आलेख काढूनही ही चूक सुटत नाही, ती चढातच बसते.

उपाय साधा आहे. दुसऱ्या चॅनेलची व्होल्टची पट्टी अशी बदला की दोन्ही सिग्नलांचे पहिले शिखर पडद्यावर सारख्या उंचीचे दिसेल. मग दोन्हींवर चढणीच्या अर्ध्या उंचीचा बिंदू धरा. शिखराचा माथा धरू नये, तो सपाट असतो आणि कर्सर पाच-दहा मायक्रोसेकंद इकडे-तिकडे फिरला तरी कळत नाही. पहिल्या माइकचे शिखर वर कापल्यासारखे सपाट दिसत असेल तर ठोकळे हळू आपटा किंवा थोडे मागे न्या.

रीडिंग

अंतर एका माइकच्या तोंडापासून दुसऱ्याच्या तोंडापर्यंत, स्टीलच्या टेपने. शिंप्याची कापडी टेप ताणली जाते, ती नको. प्रत्येक अंतराला पाच रीडिंग घ्या, पण दर रीडिंगच्या आधी दुसरा माइक उचलून पुन्हा त्याच खुणेवर ठेवा. माइक न हलवता घेतलेली पाच रीडिंग कर्सरची चूक दाखवतात, अंतराची चूक पाचही वेळा तीच राहते आणि लपून बसते.

हवा ३३.० अंश आणि आर्द्रता ४५ टक्के असताना सरासऱ्या अशा आल्या असे धरू:

| अंतर (मीटर) | वेळ (मायक्रोसेकंद) |
|---|---|
| ०.५० | १४३४ |
| ०.८० | २२७८ |
| १.१० | ३१३० |
| १.४० | ३९९० |
| १.७० | ४८३१ |
| २.०० | ५६८८ |

पहिल्या ओळीवरून थेट भागाकार केला तर वेग ३४८.७ येतो. शेवटच्या ओळीवरून ३५१.६. एकाच खोलीत, एकाच तासात दोन वेग असू शकत नाहीत. यातला फरक सांगतो की प्रत्येक वेळेत एक ठरावीक जादा तुकडा शिरलेला आहे, आणि लहान अंतरात तो जास्त टोचतो.

आता सरळ रेषा बसवा. मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये अंतरे A2 ते A7 आणि वेळा B2 ते B7 मध्ये भरून हे लिहा:

```
=LINEST(B2:B7, A2:A7, TRUE, TRUE)
```

पहिल्या ओळीत चढ आणि छेद मिळतात, दुसऱ्या ओळीत त्यांच्या अनिश्चितता. इथे चढ २८३७.० मायक्रोसेकंद प्रति मीटर आणि त्याची अनिश्चितता ३.८. चढाचा व्यस्त म्हणजे वेग: ३५२.५ मीटर प्रति सेकंद. छेद १२ ± ५ मायक्रोसेकंद.

तो जादा तुकडा म्हणजे हा छेद. १२ मायक्रोसेकंदांत ध्वनी साधारण चार मिलिमीटर जातो. दोन डब्यांच्या पडद्यांची खोली सारखी नसणे, पहिला माइक शून्याच्या खुणेवर तंतोतंत नसणे, यातले काहीही एवढे करते. ही चूक सगळ्या अंतरांना जवळपास सारखी आहे, म्हणून ती छेदात जाते आणि चढाला हात लावत नाही. पडताळायचे असेल तर दोन्ही माइक खेटून शेजारी-शेजारी ठेवा, ठोकळ्यांपासून सारख्या अंतरावर, आणि वेळेतला फरक बघा. तो शून्याच्या आसपास आला तर माइक सारखे आहेत आणि चार मिलिमीटर मांडणीत शोधायचे आहेत.

रेषेपासून बिंदू किती ढळले तेही बघा. इथे ढळणे सरासरीने ४.७ मायक्रोसेकंद आहे. आता समजा एका अंतरावर माइक न हलवता घेतलेली रीडिंग फक्त २ मायक्रोसेकंदांनी विखुरली. मग उरलेले विखुरणे डीएसओचे नाही, माइक ठेवण्याचे आहे: ४.७ मायक्रोसेकंद म्हणजे सुमारे १.७ मिलिमीटर, डोळ्याने खुणेवर स्टँड ठेवताना होते तेवढीच चूक. अधिक चांगला डीएसओ आणून इथे काही फायदा नाही. माइकवरून मिस्त्रीचा ओळंबा सोडून खाली टेपवर टेकवला तर मात्र उत्तर सुधारेल. बिंदू इकडे-तिकडे न ढळता एकाच बाजूला कमानीसारखे वाकले असतील, तर तो टेबलावरचा प्रतिध्वनी, उंची वाढवा.

± चा आकडा

चढाची अनिश्चितता ०.१३ टक्के आहे, म्हणजे वेगात ०.४७ मीटर प्रति सेकंद. माइक ठेवण्यातली चूक आणि कर्सरची चूक या दोन्ही तिच्यात आधीच आल्या आहेत. 'टेप वाचण्यातली चूक २ मिलिमीटर' अशी वेगळी ओळ पुन्हा जोडणे म्हणजे एकच पैसा दोनदा मोजणे, आणि जर्नलांत हे सर्रास दिसते.

वेगळ्या जोडायच्या त्या फक्त रेषेला न दिसणाऱ्या चुका. पहिली टेपची स्वतःची: दोन मीटरला एक मिलिमीटर कमी-जास्त धरला तर ०.०५ टक्के, म्हणजे ०.१८. दुसरी अर्ध्या उंचीचा बिंदू जवळ आणि दूर सारखा धरला जात नाही याची: दीड मीटरच्या पट्ट्यात ५ मायक्रोसेकंद धरले तर ०.४१. डीएसओच्या घड्याळाची चूक एक लाखात मोजकेच भाग असते, ती सोडून द्या. पण सोडली असे जर्नलात लिहा.

या स्वतंत्र चुका आहेत, म्हणून त्यांची सरळ बेरीज नाही, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ. ०.४७, ०.१८ आणि ०.४१ यांचे मिळून ०.६५. उत्तर: ३५२.५ ± ०.७ मीटर प्रति सेकंद. कॅल्क्युलेटरवर ३५२.४८ दिसते म्हणून तसे लिहू नये, दुसरा दशांश ± च्या पोटात कधीच बुडालेला आहे.

तुलना कशाशी

३४३ शी नाही. त्या दिवशीच्या हवेशी. कोरड्या हवेसाठी, T सेल्सिअसमध्ये धरून:

```
v = 331.3 × √(1 + T/273.15)
```

३३ अंशांना ३५०.७ येते. वाफेचे रेणू हवेच्या रेणूंपेक्षा हलके असल्यामुळे दमट हवेत वेग थोडा वाढतो. ३३ अंश आणि ४५ टक्के आर्द्रतेला सुमारे १.३. एकूण ३५२.० धरा. पावसाळ्यात, धान कापणीच्या आधीच्या दमट दिवसांत, ही भर आणखी मोठी असते, ती सोडता येत नाही. हवेचा दाब मात्र विसरा, त्याने वेगात व्यवहारात फरक पडत नाही.

इथे तापमानाची चूक येते, आणि ती तुमच्या मोजमापात नाही, तुलनेच्या आकड्यात धरायची. एक अंशाला ०.६ मीटर प्रति सेकंद. टिनाच्या छताखाली डोक्यावरची हवा आणि गुडघ्याजवळची हवा यांत कित्येक अंशांचा फरक असू शकतो, म्हणून थर्मामीटर माइकच्या उंचीवर, रेषेच्या दोन्ही टोकांना, उन्हापासून आणि हातापासून दूर टांगा. रीडिंगच्या आधी आणि नंतर नोंद घ्या. तापमान ± १ अंश आणि आर्द्रता ± १० टक्के धरली तर अपेक्षित आकडा ३५२.० ± ०.७ होतो.

मोजलेला आणि अपेक्षित यांत ०.५ चा फरक, दोन्हींची मिळून अनिश्चितता १.०. जुळतात. फरक तीन निघाला असता तर 'मानवी चूक' असे लिहून पान उलटायचे नसते; चढावर एवढा परिणाम करणाऱ्या तीनच गोष्टी आहेत, वारा, टेबलावरचा प्रतिध्वनी आणि कर्सरचा बिंदू, आणि त्या याच क्रमाने तपासायच्या, कारण पंखा बंद आहे का हे बघायला पाच सेकंद लागतात.